घाम गेला तेवढं पाणी धावतानाच प्यायचं का?

"वजन जराही घटता कामा नये, तहान नसली तरी पीत राहा, असं सगळे सांगतात. खरं आहे का?"

नाही. साधारण २ टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना सहज झेपते. ६० किलोचा धावपटू दोन तासांनी ५८.८ किलो भरला आणि वाटेत अर्धा लिटर प्यायला, तर घाम गेला सुमारे १.७ लिटर, पण घट फक्त १.२ किलो, म्हणजे २ टक्के. वजन कमीत कमी कपड्यांत, अंग पुसून करा. भिजलेला टीशर्ट आकडा फसवतो.

भरपाई नंतर करायची. लघवीतून काही पाणी जातंच, म्हणून घटलेल्या किलोमागे सव्वा ते दीड लिटर, इथे दीड ते १.८ लिटर, काही तासांत, घोटघोट. सोबत मीठ असलेलं जेवण हवं, नाहीतर पाणी अंगात टिकत नाही.

खरी भीती जास्त पिण्याची आहे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं, आणि धावताना वजन वाढलेल्यांत हे जास्त दिसलं. शर्यतीनंतर वजन वाढलेलं, बोटं सुजलेली, मळमळ, डोकेदुखी असेल तर पाणी थांबवा. गोंधळल्यासारखं वाटू लागलं तर थेट रुग्णालय गाठा.