आधी सीमा ठरवायची की आधी मतदान घ्यायचं?

एखादा प्रदेश म्हणतो, आम्हाला वेगळं व्हायचंय. मग लोकांना विचारून टाका, हे उत्तर सोपं वाटतं. पण कुणाला विचारायचं? मतदानाची रेषा जिथे आखाल त्यावर निकाल फिरतो. स्वित्झर्लंडमधल्या जुरा प्रदेशाने या पेचावर एक उपाय वापरून पाहिला. तो हुशार होता, पण महागही पडला.

१८१५च्या व्हिएन्ना परिषदेत हा डोंगराळ भाग बर्न कँटनला जोडला गेला. (कँटन म्हणजे स्विस संघराज्यातलं घटकराज्य.) बर्न जर्मनभाषक आणि प्रोटेस्टंट. जुरा बहुतांशी फ्रेंचभाषक, पण त्यातही उत्तर भाग कॅथलिक आणि दक्षिण भाग प्रोटेस्टंट. ही दुसरी फट पुढे निर्णायक ठरली.

असंतोष जुनाच होता, पेटला मात्र १९४७ मध्ये. बर्नच्या मंत्रिमंडळातले जुराचे जॉर्ज मोकली यांना सार्वजनिक बांधकाम खातं नाकारलं गेलं, कारण ते फ्रेंचभाषक. खातं तसं साधंच, पण अशा चळवळींना बहुधा असाच प्रसंग लागतो. ‘आपण इथे कायम दुय्यम’ ही धूसर भावना एका दिवसात सगळ्यांना दिसते. कँटनमध्ये फ्रेंचभाषकांचं बहुमत कधीच होणार नव्हतं, त्यामुळे निवडणुकीतून हे बदलण्याची आशाही नव्हती. पुढे १९६०च्या दशकात जाळपोळीही झाल्या.

१९५९च्या मतदानात विभाजनवादी हरले. संपूर्ण बर्न विरोधात गेलं, आणि जुरामध्येही एकूण बहुमत मिळालं नाही. उत्तरेच्या तीन जिल्ह्यांनी मात्र कौल दिला होता. यावर विभाजनवाद्यांचा आक्षेप होता की बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना मत नको, मूळच्या जुराकरांनाच हवं. म्हणजे वाद सीमेइतकाच मतदारयादीचाही होता. तो त्यांनी जिंकला नाही. मत रहिवाशांचंच राहिलं.

१९७० मध्ये बर्नच्या मतदारांनी राज्यघटनेत एक तरतूद मंजूर केली. ती अशी : आधी जुराच्या सातही जिल्ह्यांनी मिळून ठरवायचं, नवा कँटन हवा का. मग ज्या जिल्ह्यांचा कौल बहुमताविरुद्ध गेला असेल, तिथल्या एक-पंचमांश मतदारांनी मागणी केली तर त्या जिल्ह्यापुरतं पुन्हा मतदान. त्यानंतर नव्या सीमेवरच्या गावांना तीच संधी. थोडक्यात, सीमा आधी आखायची नाही, मतदानच ती वरून खाली आखत जाईल.

२३ जून १९७४ ला पहिली फेरी झाली. ३६,८०२ बाजूने, ३४,०५७ विरुद्ध. उत्तरेत जल्लोष झाला. पुढच्या मार्चमध्ये मात्र दक्षिणेच्या तीन फ्रेंचभाषक जिल्ह्यांनी बर्नमध्येच राहायचं ठरवलं. भाषा एक असूनही प्रोटेस्टंट दक्षिणेला कॅथलिक उत्तरेच्या राज्यात आपण अल्पसंख्य होऊ अशी भीती होती. अल्पसंख्याकांच्या पोटातही अल्पसंख्य असतात, आणि भाषा हेच अशा मागण्यांचं एकमेव कारण मानणाऱ्यांनी हे मतदान जरूर पाहावं. १९७८ मध्ये देशभरच्या मतदारांनी संमती दिली आणि १ जानेवारी १९७९ ला जुरा कँटन जन्मला, मुख्यतः उत्तरेचे तीन जिल्हे घेऊन.

ज्यांनी जुरा एक व्हावा म्हणून लढा दिला, त्यांच्याच मागणीने तो दुभंगला. ही या पद्धतीची किंमत. शिवाय ती लवकर संपतही नाही. लाउफेन हा सातवा, जर्मनभाषक जिल्हा नव्या कँटनमुळे बर्नपासून तुटला. तिथे १९८३ मध्ये बर्नच्या बाजूने कौल लागला. पण बर्न सरकारने प्रचाराला गुपचूप पैसे पुरवल्याचं उघड झालं, संघीय न्यायालयाने निकाल रद्द केला, आणि फेरमतदानानंतर १९९४ मध्ये हा भाग बाझेल-लांडशाफ्ट कँटनमध्ये गेला. बर्नमध्ये राहिलेल्या दक्षिणेतल्या मूतिये शहराने २०१७ मध्ये अवघ्या १३७ मतांच्या फरकाने जुराची निवड केली. तेही मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झालं. २०२१ मध्ये पुन्हा घेतलं तेव्हा सुमारे ५५ टक्के जुराच्या बाजूने होते. प्रत्यक्ष हस्तांतर १ जानेवारी २०२६ ला झालं. फरक जितका निसटता, तितकं मतदारयादीतलं प्रत्येक नाव महत्त्वाचं, आणि निकाल कोर्टात जाण्याची शक्यताही तितकीच जास्त.

एक गोष्ट इथे सोपी होती. कँटन बदलला तरी नागरिकत्व, चलन आणि सैन्य तेच राहणार होतं. म्हणून बर्नला हार पचवता आली. देशच सोडायचा असेल तेव्हा हाच प्रश्न किती अवघड होतो ते १९९५ मध्ये कॅनडात दिसलं. क्यूबेकच्या सार्वमतात फुटीरवादी जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने हरले. त्याआधीच क्री आणि इनुइट या आदिवासी समाजांनी स्वतंत्र मतदान घेऊन जबरदस्त बहुमताने क्यूबेकसोबत बाहेर पडायला नकार दिला होता. क्यूबेक वेगळा होऊ शकतो, तर क्यूबेकपासून उत्तरेचा भाग का नाही? क्यूबेकच्या नेत्यांचं म्हणणं होतं की प्रांताच्या सीमा अखंड आहेत. जुरासारखी कुठलीही ठरलेली पायरी तिथे नव्हती. १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या देशाला वाटाघाटी नाकारता येणार नाहीत. स्पष्ट म्हणजे किती टक्के, हे न्यायालयाने राजकारण्यांवर सोडलं. यावर कॅनडाच्या संसदेने २००० मध्ये केलेल्या कायद्यातही आकडा घातलेला नाही.