नवीन भागीदाराचा प्रवेश आणि ख्यातीचा मोबदला

चालू भागीदारी पेढीत नवीन व्यक्तीला भागीदार म्हणून घेताना, तिने आणलेल्या भांडवलाशिवाय पेढीच्या ख्यातीपोटी जुन्या भागीदारांना जी रक्कम दिली जाते, तिला ख्यातीचा मोबदला किंवा प्रीमियम म्हणतात. ख्यातीसाठी नावलौकिक हा शब्दही चालतो. व्यापारी मात्र सर्रास ‘गुडविल’ किंवा नुसते ‘बसलेल्या धंद्याचे पैसे’ म्हणतात. भारतात या व्यवहाराचा कायदेशीर पाया भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 हा आहे. वेगळा करार नसेल तर सर्व विद्यमान भागीदारांच्या संमतीशिवाय कोणालाही भागीदार करून घेता येत नाही, आणि प्रवेशापूर्वीच्या पेढीच्या कृत्यांची जबाबदारी केवळ प्रवेशामुळे नव्या भागीदारावर येत नाही, असे कलम 31 सांगते. ख्याती ही पेढीच्या मालमत्तेचाच भाग असल्याचे कलम 14 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. जुने भागीदार मोबदला मागतात तो या मालमत्तेच्या वाट्याबद्दल.

संकल्पनेचा उगम. धंद्याच्या संदर्भात ‘गुडविल’ हा शब्द इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात असावा. त्याला न्यायालयीन व्याख्या मिळाली ती बरीच नंतर. 1810 मधील क्रटवेल विरुद्ध लाय या खटल्यात लॉर्ड एल्डन यांनी ‘जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहतील ही शक्यता’ एवढाच अर्थ घेतला. ही व्याख्या दुकानाच्या जागेला बांधलेली होती. 1859 मधील चर्टन विरुद्ध डग्लस खटल्यात ती सैल झाली आणि पेढीचे नाव, संबंध व चालत आलेला व्यवहार यांतून मिळणारे सर्व लाभ तिच्यात आले. 1901 मध्ये मुलर कंपनीच्या मार्जरिनसंबंधीच्या खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी ख्यातीला ‘गिऱ्हाईक खेचून आणणारी शक्ती’ म्हटले. पुढे भारतीय निवाड्यांतही हीच व्याख्या वारंवार उद्धृत झाली.

ही शक्ती जागेत असते, माणसात असते की पेढीत, हा वाद मात्र मिटला नाही. 1934 मधील व्हाइटमन स्मिथ मोटर कंपनी विरुद्ध चॅप्लिन या इंग्रजी खटल्यात गिऱ्हाइकांचे प्राण्यांवरून पाडलेले प्रकार चर्चेत आले. मांजर घराला धरून राहते, कुत्रा मालकामागे जातो, उंदराला दोहोंचे सोयरसुतक नसते; त्यांत सशाची भर पडली, जो केवळ जवळ राहतो म्हणून येतो. वर्गीकरण गमतीचे वाटले तरी भागीदार-प्रवेशात ते थेट उपयोगी पडते. सल्लागाराच्या किंवा डॉक्टरांच्या पेढीतली बहुतेक गिऱ्हाइके कुत्र्याच्या वर्गातली असतात. ती ज्याच्यामागे येतात तो जुना भागीदार उद्या निवृत्त झाला तर नव्या भागीदाराने पैसे मोजून घेतलेले फारसे काही उरत नाही. अशा पेढीत ख्यातीचा आकडा लहान धरणे किंवा जुन्या भागीदाराने ठरावीक वर्षे राहण्याची अट लिहून घेणे हेच शहाणपणाचे.

मुंबईतल्या दुकानांच्या बाबतीत पागडी आणि ख्याती यांची गल्लत नेहमी होते. पागडी ही भाडेहक्काची किंमत असते, बसलेल्या धंद्याची नव्हे. दोन्ही एकाच आकड्यात घातल्या तर नवा भागीदार एकाच गोष्टीचे दोनदा पैसे देतो.

मोबदला कशासाठी? याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की जुन्या भागीदारांनी वर्षानुवर्षे राबून धंदा बसवला, त्या कष्टांचे हे मोल आहे. दुसरे असे की नव्या भागीदाराला भविष्यातल्या नफ्याचा वाटा मिळावा म्हणून जुन्यांपैकी कोणीतरी आपला वाटा कमी करतो, आणि त्या सोडलेल्या वाट्याची ही किंमत आहे. पाठ्यपुस्तके सहसा दोन्ही कारणे शेजारी शेजारी मांडतात, परंतु हिशेबाची रीत केवळ दुसऱ्याला धरून चालते. कष्टांचे मोल द्यायचे असते तर राबलेल्या प्रत्येक भागीदाराला काही ना काही मिळाले असते. प्रत्यक्षात रक्कम ‘त्यागाच्या प्रमाणात’ वाटली जाते. ज्याने वाटा सोडला नाही त्याला, तो कितीही राबलेला असो, काहीच मिळत नाही. कष्टांमुळे ख्याती निर्माण होते, पण मोबदल्याचे कारण त्याग हेच आहे. खालील उदाहरणात हे आकड्यांनिशी दिसते.

एक उदाहरण. तालुक्याच्या बाजारपेठेत बी-बियाणे आणि खतांचे दुकान आहे. अ आणि ब हे भागीदार नफा 3:2 प्रमाणात वाटून घेतात. क याला नफ्यात 1/5 वाटा देऊन घ्यायचे ठरले. गेल्या चार वर्षांचा नफा अनुक्रमे 5,80,000, 6,20,000, 7,00,000 आणि 6,60,000 रुपये आहे. तिसऱ्या वर्षीच्या नफ्यात जुना टेम्पो विकून मिळालेले 60,000 रुपये आहेत. ते धंद्याचे उत्पन्न नव्हे, म्हणून वजा होतात. उरलेल्या 25,00,000 रुपयांची सरासरी 6,25,000 येते.

इथे नेमकी चूक होते. अ आणि ब दिवसभर गल्ल्यावर बसतात, पण पेढीच्या पुस्तकांत त्यांचा पगार लिहिलेला नाही. त्या कामासाठी माणसे ठेवली असती तर दरमहा प्रत्येकी 10,000, म्हणजे वर्षाला 2,40,000 रुपये गेले असते. हा खर्च वजा केल्यावर नफा 3,85,000 राहतो. पेढीत गुंतलेले भांडवल 15,00,000 रुपये आहे. अशा धंद्यात 15 टक्के परतावा सर्वसाधारण धरला तर 2,25,000 रुपये हे नुसत्या भांडवलाचे फळ झाले. वर उरणारा 1,60,000 रुपयांचा जादा नफा ख्यातीचा. उभयतांनी ‘तीन वर्षांची खरेदी’, म्हणजे जादा नफ्याची तिप्पट, मान्य केली तर ख्यातीची किंमत 4,80,000 रुपये ठरते आणि क याच्या 1/5 वाट्याचे 96,000 रुपये होतात.

जादा नफा न काढता नुसत्या सरासरीला तिनाने गुणले असते तर ख्याती 18,75,000 रुपये झाली असती आणि क याला 3,75,000 मोजावे लागले असते. रीत बदलली की आकडा जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे भागीदारीपत्रात आकडा लिहिण्याआधी रीत लिहिलेली असावी. सरासरी नफ्याची रीत सोपी म्हणून लोकप्रिय आहे, तरी भागीदार स्वतः राबत असलेल्या लहान पेढीला ती बरोबर लागू पडत नाही. तिथे जादा नफ्याचीच रीत धरावी.

आता वाटप. क याचा वाटा दोघांनी आपल्या जुन्या प्रमाणात सोडला तर अ याचा त्याग 3/25 आणि ब याचा 2/25 होतो. 96,000 रुपयांतले 57,600 अ याला आणि 38,400 ब याला मिळतात. कराराने नवे प्रमाण 2:2:1 ठरले असेल तर अ याचा वाटा 3/5 वरून 2/5 वर येतो आणि ब याचा 2/5 तसाच राहतो. मग पूर्ण 96,000 एकट्या अ याचे होतात. दुकान बसवण्यात ब याचा निम्मा घाम असला तरी त्याने काही सोडलेले नाही. प्रवेशाच्या निमित्ताने ब याचा वाटा वाढून 1/2 झाला आणि अ याचा 3/10 उरला, तर ब यालाही वाढलेल्या 1/10 बद्दल अ याला 48,000 रुपये द्यावे लागतात. अ याच्या हाती 1,44,000 पडतात, आणि ते 4,80,000 चे बरोबर 3/10 आहेत. मोबदला फक्त नवा भागीदारच देतो ही समजूत इथे खोटी ठरते.

नोंदी. क याने ही रक्कम रोख आणली तर ती बँक खात्यात जमा होऊन तिथून त्याग करणाऱ्यांच्या भांडवल खात्यांत जाते. ती क याच्या भांडवलात मिसळू नये, कारण तो पैसा त्याचा राहिलेला नसतो. जुने भागीदार ती रक्कम काढूनही घेऊ शकतात. रोख आणणे जमले नाही तर क याच्या चालू खात्यावर 96,000 नावे टाकतात. पूर्वी पूर्ण 4,80,000 ची ख्याती पुस्तकांत उभी करून जुन्या प्रमाणात जमा आणि नव्या प्रमाणात नावे करण्याची पद्धत होती. त्यात अ याला 2,88,000 मिळून 2,30,400 जातात, म्हणजे उरतात तेच 57,600. आता लेखा मानक 26 नुसार स्वतः निर्माण केलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे हा फेरा टाळून थेट समायोजन करतात. पुस्तकांत आधीची ख्याती शिल्लक असेल तर ती प्रवेशाआधी जुन्या प्रमाणात उडवली जाते.

कधी ख्यातीचा उल्लेखच नसतो आणि क नुसते ‘1/5 वाट्यासाठी 5,00,000’ आणतो. तेव्हा छुपी ख्याती काढतात. पाचव्या हिश्शाचे पाच लाख, तर पूर्ण पेढीचे 25,00,000. प्रत्यक्षात जुने 15,00,000 आणि क याचे 5,00,000 मिळून 20,00,000 आहेत. फरकाचे 5,00,000 ही ख्याती, आणि क याचा वाटा 1,00,000. हा अंदाज तपासायची वेगळी सोय नसते, म्हणून करार बोलत असेल तिथे ही रीत वापरू नये.

क स्वतःची गिऱ्हाइके घेऊन येत असेल तर त्याच्या ख्यातीचे मूल्य ठरवून ते देण्याच्या रकमेतून वळते करता येते.

मोबदल्याची परतफेड. प्रीमियम एकदा दिला की गेला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. कलम 51 तिला मर्यादा घालते. ठरावीक मुदतीच्या भागीदारीत प्रीमियम देऊन आलेल्या भागीदाराला, पेढी मुदतीआधी विसर्जित झाल्यास, तो प्रीमियम किंवा त्याचा वाजवी भाग परत मागता येतो. विसर्जन भागीदाराच्या मृत्यूमुळे झाले असेल, मुख्यतः प्रीमियम देणाऱ्याच्याच गैरवर्तनामुळे झाले असेल, किंवा परतीची तरतूद नसलेल्या करारान्वये झाले असेल तर हा हक्क नाही. वाजवी भाग ठरवताना प्रवेशाच्या अटी आणि भागीदारी किती काळ चालली हे पाहतात. वरील पेढी चार वर्षांसाठी असती आणि एका वर्षात मोडली असती, तर निव्वळ काळाच्या प्रमाणात 96,000 पैकी 72,000 रुपयांची मागणी क करू शकला असता. मुदत न लिहिलेल्या, भागीदारांच्या इच्छेवर चालणाऱ्या पेढीत हे कलम लागू पडत नाही. आपल्याकडच्या कित्येक दुकानदारी भागीदाऱ्या याच प्रकारच्या असतात. शिवाय रक्कम पेढीच्या पुस्तकांबाहेर हातोहात दिली असेल, तर ती प्रीमियम होती की उसनवार हे सिद्ध करण्यापासूनच वाद सुरू होतो. भागीदारीपत्रात रक्कम, ती कोणाला मिळाली आणि कोणत्या वाट्यापोटी, ही तीन वाक्ये असली तर तो उभाच राहत नाही.

दिलेल्या मोबदल्याने क याला ख्यातीत हक्क मिळतो, आणि तो मृत्यूने आपोआप बुडत नाही. खुशाल खेमगर शहा प्रकरणात 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्याती ही पेढीची मालमत्ता मानून, विरुद्ध करार नसेल तर मृत भागीदाराच्या वारसांचा तिच्यातला वाटा मान्य केला. म्हणून प्रवेशाच्या वेळी ठरलेली मोजणीची रीत निवृत्तीला आणि मृत्यूलाही लागू राहील, असे त्याच भागीदारीपत्रात लिहून घेतात.