आईच्या लुगड्याचा रंग फोटोत सापडेल का?

फोटो दुरुस्तीच्या स्टुडिओत काम करताना ज्या ईमेल येतात, त्यांतली ही एक. एका मुलानं लिहिलं होतं: "आईचा तरुणपणीचा हा एकच फोटो आहे, १९६८ सालचा. आई गेल्या वर्षी गेली. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, गालावर पिवळा डाग पडलाय. काढून कुरिअरनं पाठवतो. वर्षश्राद्धाच्या आधी रंगीत करून मिळेल का?"

उत्तरात सगळ्यात आधी एवढंच कळवलं, की फोटो काचेपासून ओढू नका.

त्या काळच्या कृष्णधवल फोटोत चित्र कागदावर नसतं. ते कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात, चांदीच्या सूक्ष्म कणांनी तयार झालेलं असतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की जिलेटिन फुगतं, मऊ होतं आणि काचेला धरतं. नंतर ते वाळतं आणि पकड पक्की होते. ओढलं तर कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. ओल्या कापडानं पुसणंही तितकंच वाईट. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं, आणि मग डागाबरोबर गालही पुसला जातो. म्हणून असा फोटो काचेसकट स्कॅन करायचा, किंवा दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन काचेवर चमक येणार नाही अशा बेतानं कॅमेऱ्यानं टिपायचा.

पाठवताना मुलानं स्कॅन 'ब्लॅक अँड व्हाइट'मध्ये केला होता. फोटोच कृष्णधवल, मग रंगीत स्कॅन कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण डाग पिवळा आहे, आणि तोच आपल्या उपयोगी पडतो. पिवळा डाग निळा प्रकाश शोषतो, लाल प्रकाश मात्र बराचसा परतवतो. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे थर असतात. निळ्या थरात हा डाग काळपट दिसतो, तर लाल थरात तो जवळजवळ नाहीसा होतो आणि खालचा गाल वर येतो. ६०० डीपीआयवर पुन्हा रंगीत स्कॅन मागवला आणि बरंचसं काम तिथंच झालं. तिथं नवा गाल रंगवावा लागला नाही, आईचाच गाल मिळाला. माझ्या मते दुरुस्तीत याहून मोलाचं काही नाही.

डोळ्याजवळ जिलेटिनचा एक छोटा टवका मात्र उडाला होता. तिथली चांदीच गेली, त्यामुळे कुठल्याही थरात काही नव्हतं. दुसरा डोळा उलटा करून बसवता येतो, पण कुणाचेच दोन डोळे हुबेहूब सारखे नसतात आणि घरच्यांना ते लगेच खटकतं. अशा वेळी त्याच व्यक्तीचे नंतरचे फोटो लागतात. आईचा पन्नाशीतला एक फोटो मुलाकडे होता. पापणीची ठेवण त्यावरून घेतली.

आता रंग. मुलाला आईचं लुगडं हिरवं आठवत होतं, मावशी लाल म्हणत होती. फोटोत बघून सांगा, असा त्याचा आग्रह होता.

फोटोत ते नाही. संगणकावर रंगाचा करडा करताना ढोबळमानानं लाल अंशाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के धरतात. प्रत्येक अंश ० ते २५५ मध्ये मोजतात. एक गडद लाल घ्या: लाल २००, हिरवा ३०, निळा ४०. करडा येतो ८२. आता एक गडद हिरवा: २०, १२०, ५०. पुन्हा ८२. तीन आकड्यांचा एक झाला, की त्या एकावरून मूळचे तीन काढता येत नाहीत. फिल्मचं गणित याहून वेगळं असतं, पण अडचण हीच.

फिल्म कोणती होती यावरून कधी कधी थोडी मदत होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे, त्यामुळे ओठ काळपट आणि लाल कापड काळंच यायचं. या फोटोत ओठ मऊ करडे होते. म्हणजे फिल्मला लाल दिसत होतं, आणि मुलगा आणि मावशी दोघांचंही म्हणणं शक्य राहिलं. आपोआप रंग भरणारे प्रोग्रामही इथं अंदाजच करतात: अशा करड्याला इतर फोटोंत बहुधा कोणता रंग असतो, एवढंच त्यांना ठाऊक असतं. या बाईंनी त्या दिवशी काय नेसलं होतं, हे त्यांना कुठून कळणार?

म्हणून पुरावा फोटोबाहेर शोधायला सांगितलं. ट्रंकेत ते लुगडं असेल तर घडीच्या आतला भाग उघडून, शेजारी पांढरा कागद ठेवून, दिवसाच्या सावलीतल्या उजेडात फोटो काढा. घडीची बाहेरची बाजू विटलेली असते. पांढऱ्या कागदावरून उजेडाची झाक ओळखून ती वजा करता येते. लुगडं नसेल तर त्याच कापडाची चोळी, नाहीतर त्यातून शिवलेली गोधडीसुद्धा चालते.

लुगडं मिळालं नाही. मुलाच्या सांगण्यावरून हिरवा रंग दिला, पण वेगळ्या थरावर. खालचा करडा फोटो तसाच ठेवला आणि दुरुस्त केलेल्या कृष्णधवल फोटोची स्वतंत्र फाइलही दिली. फाइलच्या नावातच 'रंग आठवणीवरून' असं लिहिलं. उद्या मावशीच्या कपाटात गोधडी निघाली आणि ती लाल असली, तर फक्त तो एक थर बदलायचा.