चालू बिलातली वजावट कशी तपासावी: सोसायटीच्या कमिटीसाठी माहितीपत्रक

इमारतीच्या दुरुस्तीचे मोठे काम काढले की ठेकेदार पैसे टप्प्याटप्प्याने मागतो. दर टप्प्याला तो जे बिल देतो ते चालू बिल, म्हणजेच आर.ए. बिल. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या बिलांत मापे बहुतेक वेळा आर्किटेक्टने पाहिलेली असतात आणि दरही करारातलेच असतात. चूक सापडते ती शेवटच्या पानावर, जिथे मागचे पैसे, रिटेन्शन म्हणजे कामाच्या हमीसाठी थांबवलेली अनामत, आणि टीडीएस म्हणजे सरकारकडे भरायला कापलेला आयकर वजा होतात. बेरीज-वजाबाकी बरोबर असूनही आकडा चुकतो, म्हणून ही चूक खजिनदारांच्या नजरेतून सुटते. या पत्रकात आम्ही मुख्यतः तिच्याबद्दलच सांगत आहोत.

चालू बिल म्हणजे आजपर्यंतचा हिशेब

तिसरे बिल हे फक्त तिसऱ्या टप्प्याचे नसते. त्यात काम सुरू झाल्यापासून आजपर्यंतचे सगळे काम मांडलेले असते आणि त्यातून मागच्या बिलांतले काम वजा करून या बिलाची रक्कम निघते. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन रकाने असतात: मागील, या बिलातील आणि आजपर्यंत.

आधी एक तपासणी करा. दुसऱ्या बिलातला ‘आजपर्यंत’चा आकडा तिसऱ्या बिलातल्या ‘मागील’ रकान्यात जसाच्या तसा आला पाहिजे. बाहेरचा गिलावा दुसऱ्या बिलात आजपर्यंत ४,२०० चौरस फूट होता आणि तिसऱ्यात मागील ३,९०० लिहिला असेल, तर ३०० फुटांचे पैसे दुसऱ्यांदा जातील. मागचे माप खरोखर चुकले असेल, तर मोजमाप वहीत दुरुस्ती करून आर्किटेक्टची सही घ्या. दुरुस्ती ‘आजपर्यंत’च्या रकान्यात दाखवायची, ‘मागील’ रकान्याला हात लावायचा नाही.

एक उदाहरण

समजा, करार २४ लाखांचा आहे आणि जीएसटी १८ टक्के वेगळा. रिटेन्शन ५ टक्के, तेही जीएसटी सोडून. ठेकेदाराचा धंदा स्वतःच्या नावावर आहे, म्हणून टीडीएस १ टक्का. आजपर्यंतचे काम १२,४०,००० रुपयांचे झाले आहे. त्यापैकी पहिल्या दोन बिलांत ८,००,००० चे काम आले होते.

म्हणजे या बिलाचे काम ४,४०,००० रुपये. त्यावर जीएसटी ७९,२००, मिळून ५,१९,२००. त्यातून रिटेन्शनचे २२,००० आणि टीडीएसचे ४,४०० वजा केले की चेक ४,९२,८०० चा.

हाच हिशेब दुसऱ्या रीतीनेही होतो. आजपर्यंतचे काम जीएसटीसह १४,६३,२०० रुपये. त्यातून आजपर्यंतचे रिटेन्शन ६२,०००, आजपर्यंतचा टीडीएस १२,४०० आणि मागच्या दोन बिलांपोटी प्रत्यक्ष दिलेले ८,९६,००० वजा करा. उत्तर पुन्हा ४,९२,८०० येते. (मागचे ८,९६,००० असे: ८,००,००० अधिक जीएसटी १,४४,०००, वजा रिटेन्शन ४०,०००, वजा टीडीएस ८,०००.)

दोन्ही रीती बरोबर आहेत. गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यावर. ठेकेदाराने आजपर्यंतच्या १४,६३,२०० मधून मागच्या चेकांचे ८,९६,००० वजा केले आणि त्यानंतर रिटेन्शन व टीडीएस मात्र याच बिलाचे कापले, तर येतात ५,४०,८००. हा आकडा ४८,००० रुपयांनी जास्त आहे. मागच्या बिलांतून कापलेले ४०,००० रिटेन्शन आणि ८,००० टीडीएस यांची ही बेरीज आहे. म्हणजे तुमच्या हातातली अनामत काम अर्धे असतानाच परत गेली. ८,००० तर सोसायटीच्या खिशातून दोनदा गेले: एकदा सरकारकडे भरले, दुसऱ्यांदा ठेकेदाराला दिले.

उलट चूकही होते. मागची बिले जीएसटीसह पूर्ण ९,४४,००० धरून वजा केली आणि वर रिटेन्शन-टीडीएसही आजपर्यंतचे कापले, तर चेक ४,४४,८०० चा निघतो. तेव्हा ठेकेदाराचे तेवढेच ४८,००० अडकतात. मजुरांचा पगार त्याच पैशांतून व्हायचा असतो, त्यामुळे ही चूकही आम्ही तितकीच गंभीर मानतो.

म्हणून बिल हातात आले की दोन्ही रीतींनी आकडा काढा. तो जुळला नाही, तर फरकाची मागच्या रिटेन्शन आणि टीडीएसच्या बेरजेशी तुलना करा. फरक तेवढाच निघाला, तर चूक कुठे आहे ते सापडलेच.

टीडीएस किती आणि कशावर

सहकारी गृहनिर्माण सोसायटीला ठेकेदाराच्या रकमेतून टीडीएस कापावा लागतो; २०२४-२५ मध्ये तो आयकर कायदा १९६१ च्या कलम १९४ सी प्रमाणे होता. एक बिल ३०,००० च्या वर गेले किंवा आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली की कपात लागू होते. (इथले दर आणि मर्यादा २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या आहेत.)

दर ठेकेदाराच्या सांगण्यावरून ठरवू नका, पॅन पाहा. पॅनचे चौथे अक्षर पी म्हणजे व्यक्ती किंवा एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का. एफ म्हणजे भागीदारी फर्म, सी म्हणजे कंपनी, त्यांना २ टक्के. बिलावर फर्मचे नाव आणि पॅन मात्र मालकाचा, असे दिसले तर करार कोणाशी झाला आहे ते आधी पाहा. पॅन दिलाच नाही, तर २० टक्के कापावे लागतात.

जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल, तर त्यावर टीडीएस नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचे २०१७ चे परिपत्रक तसेच सांगते. रिटेन्शनची रक्कम मात्र टीडीएसच्या हिशेबातून वगळू नका. बिल सोसायटीच्या वहीत ठेकेदाराच्या नावे पूर्ण जमा होते, म्हणून वर आपण ४,१८,००० वर नव्हे तर ४,४०,००० वर टीडीएस धरला. याची दुसरी बाजू अशी की पुढे रिटेन्शन सोडताना त्यावर पुन्हा टीडीएस कापायचा नाही. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची असते, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज लागते आणि ते सोसायटीलाच भरावे लागते.

रिटेन्शनसाठी वेगळे पान ठेवा

रिटेन्शन हे ठेकेदाराचेच पैसे आहेत, फक्त तुमच्याकडे थांबलेले. काम झाल्यावर गिलाव्याला तडे गेले किंवा गळती परतली, तर दुरुस्ती करून घेण्यासाठी ते असतात. म्हणून त्यांना बचत समजून इतर खर्चात वापरू नका. वहीत एक पान करून बिल क्रमांक, तारीख, कापलेली रक्कम आणि एकूण शिल्लक लिहा. आपल्या उदाहरणात तिसऱ्या बिलानंतर शिल्लक ६२,००० दिसली पाहिजे. हाच आकडा सोसायटीच्या ताळेबंदात देणे म्हणून आला पाहिजे. तो तिथे नसेल, तर नव्या कमिटीला दोन वर्षांनी ठेकेदार अनामत मागायला आल्यावर काहीच कळत नाही.

रिटेन्शन कधी सोडायचे ते करारातल्या कलमानुसार ठरते. बऱ्याच करारांत अर्धी रक्कम काम पूर्ण झाल्यावर आणि उरलेली दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावर द्यायची असते. त्या वेळी इमारतीची पाहणी करून आर्किटेक्टचे पत्र घ्या आणि मगच चेक काढा.

बिल आमच्याकडे तपासायला पाठवताना सोबत करार, आधीची सगळी चालू बिले, मोजमाप वहीच्या प्रती, दिलेल्या चेकांची यादी आणि टीडीएसची चलने जोडा. ठेकेदाराला उचल किंवा सिमेंटसारखा माल दिला असेल, तर तेही कळवा, कारण त्याची वसुली याच पानावर यावी लागते.