घरासाठी कॉर्डलेस ड्रिल घेताना

ड्रिल घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात, “टॉर्क किती?” आम्ही उलट विचारतो, “भोक कशात पाडायचंय?”

टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद. ती न्यूटन-मीटरमध्ये मोजतात आणि खोक्यावर ३०, ५० असे आकडे असतात. ही ताकद लागते ती स्क्रू आवळायला आणि लाकडात भोक पाडायला. पुष्कळ यंत्रांच्या माहितीपत्रकात टॉर्कचे दोन आकडे असतात, हार्ड आणि सॉफ्ट. स्क्रू घट्ट बसून अडतो त्या क्षणाचा झटका म्हणजे हार्ड, आणि लाकडात सलग फिरत राहण्याची ताकद म्हणजे सॉफ्ट. खोक्यावर ठळक छापतात तो मोठा, म्हणजे हार्डचा आकडा. दोन यंत्रांची तुलना करताना एकाचा हार्ड आणि दुसऱ्याचा सॉफ्ट असं होऊ देऊ नका. कपाटाच्या बिजागऱ्या, फळ्या, पलंगाची जोडणी यांना हार्ड ३० पुरतो.

भिंतीचं मात्र वेगळं आहे. वीट आणि काँक्रीट नुसतं पिळून कापलं जात नाही, त्यावर ठोके लागतात. म्हणून भिंतीसाठी ‘इम्पॅक्ट’ असलेलंच यंत्र घ्या. बॉशमध्ये नाव जीएसबीने सुरू झालं तर ठोके आहेत, जीएसआर असेल तर नाहीत. मकितामध्ये एचपी म्हणजे ठोक्यांचं, डीएफ म्हणजे बिनठोक्यांचं.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. एक ताई १२ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल परत घेऊन आल्या. टीव्हीच्या बाजूला फळी झटक्यात लागली, पण पडद्याच्या रॉडला भोक अर्ध्या इंचापुढे जाईना. बॅटरी खराब आहे, असं त्यांना वाटलं. बॅटरी उत्तम होती. खिडकीवर काँक्रीटची लिंटेल असते आणि ती चौकटीच्या दोन्ही बाजूंना काही इंच भिंतीत शिरलेली असते. रॉडचे ब्रॅकेट नेमके तिच्यावर येतात. पहिला अर्धा इंच गेला तो फक्त गिलावा होता.

हे भुकटीवरून कळतं. लाल भुकटी म्हणजे वीट. पांढरी भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत, तर हलके एएसी ब्लॉक. तिथे ठोके बंदच ठेवा, नाहीतर भोक सैल होतं. राखाडी भुकटी, बिट तापतोय आणि पुढे सरकत नाही, तर काँक्रीट. चमकदार धातू दिसला तर सळई लागली आहे. भोक इंचभर बाजूला घ्या. ताईंना आम्ही विजेवर चालणारा, इम्पॅक्ट ड्रिलपेक्षा खूप जोरदार ठोके देणारा रोटरी हॅमर एका दिवसाच्या भाड्याने दिला. ६ मिमीच्या बिटने चार भोकं, त्यात ६ मिमीच्या गिट्ट्या, आणि रॉड लागला. काँक्रीटमध्ये वर्षाकाठी दोन-चार भोकं पाडायची असतील, तर त्यासाठी महागडं यंत्र विकत घेऊ नका.

आता बॅटरी. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४ च्या थोडा वर. तीन सेलच्या बॅटरीला १०.८ किंवा १२ म्हणतात, पाच सेलच्या बॅटरीला १८ किंवा २०. म्हणजे १८ आणि २० ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत; त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पाच सेलच्या बॅटरीवर कुणी ४८ छापलं असेल, तर ते यंत्र सोडून द्या. अ‍ॅम्पिअर-तास हा आकडा बॅटरी किती वेळ चालेल ते सांगतो. घरकामाला २ पुरतात. बॅटरी पार संपवून महिनोन्‌महिने ठेवू नका, अर्धी भरून ठेवा, आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवू नका.

ब्रँडचा प्रश्न खरं तर बॅटरीचाच आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही. बॉशची निळी आणि हिरवी यंत्रंसुद्धा १८ व्होल्टमध्ये एकमेकांच्या बॅटऱ्या घेत नाहीत. म्हणून ड्रिलच्या किमतीबरोबर सुट्या बॅटरीची किंमत आणि तुमच्या शहरातलं सर्व्हिस सेंटर विचारा. सुटी बॅटरी मिळतच नसेल, तर ती संपली की यंत्रही संपलं.

ड्रिलच्या तोंडाशी आकडे असलेली कडी असते, ती क्लच. लावलेल्या आकड्याएवढा जोर झाला की ती टकटक करते आणि स्क्रू पुढे फिरत नाही. बिजागरीचे छोटे स्क्रू ४-५ वर आवळायला घ्या. डोकं प्लायला टेकण्याआधीच कडी टकटक करू लागली तर एकेक आकडा वाढवा. एकदम शेवटच्या आकड्यावर गेलात तर स्क्रूचं डोकं झिजतं किंवा प्लायमधली पकड सुटते. भोक पाडताना मात्र कडी ड्रिलच्या खुणेवर हवी.

हाती धरायची हत्यारं थोडीच घ्या: आठ इंची पक्कड, हातोडी, पाच मीटरचा टेप, छोटी पाणसळ, टेस्टर आणि पीएच-२ टोकाचा चांगला स्क्रूड्रायव्हर. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरसाठी आम्ही नाशिकच्या तापडियाचा माल सुचवतो. पोलाद चांगलं असतं आणि खिशाला परवडतो. स्वस्त स्क्रूड्रायव्हरचं टोक लवकर गोल होतं आणि मग ते प्रत्येक स्क्रू खराब करतं.

येताना भिंतीचा फोटो आणि लावायच्या वस्तूचं वजन घेऊन या. दुकानात विटेचा आणि काँक्रीटचा तुकडा ठेवलेला आहे, ड्रिल त्यावर चालवून बघा आणि मगच ठरवा.