सरकता कॅमेरा उभी भेग गिळतो

गोव्यात घर आणि मालक बाहेर, हे आता सर्रास झालं आहे. फ्लॅट फोंड्यात किंवा पर्वरीत, मालक पुण्यात नाहीतर मस्कतला. भाडेकरू जागा सोडून गेला की एखादा भाचा फोन हातात धरून सगळ्या खोल्यांतून फिरतो, चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवतो आणि तो बघून मालक दुरुस्तीची यादी करतो. यात गैर काहीच नाही. पण ‘व्हिडिओ काढलाय, म्हणजे भिंतीवरचं सगळं त्यात आलं’ असं धरून चालणं चूक आहे. आणि या चुकीला चक्क दिशा असते. अशा व्हिडिओत आडव्या भेगा दिसतात आणि उभ्या हरवतात.

कशा, ते थोडं गणित करून बघू. साध्या फोनच्या व्हिडिओत एका चित्राच्या लांब बाजूला १९२० ठिपके, म्हणजे पिक्सेल असतात. भिंतीपासून २ मीटरवर उभं राहून फोन आडवा धरला, तर साधारण २.३ मीटर रुंदीची भिंत चित्रात मावते. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला भिंतीचे सुमारे १.२ मिलिमीटर येतात. आता भेग ०.३ मिलिमीटरची असेल, तर ती पिक्सेलचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापते. पांढऱ्या भिंतीची उजळता २५५ पैकी २००, भेगेच्या आतल्या काळोखाची ४० धरा. फरक १६०चा, पण पिक्सेलमध्ये त्याचा चौथा भाग उरतो, म्हणजे ४०. एवढा फरक डोळ्याला पुरतो. त्यातून भेग लांब असली की ती सलग रेघ म्हणून लगेच उठून दिसते. थोडक्यात, कॅमेरा स्थिर असेल तर पिक्सेलपेक्षा बारीक भेगही सापडते.

पण भाचा थांबत नाही. दारातून आत येतो आणि तीनेक सेकंदांत फोन डावीकडून उजवीकडे काटकोनात फिरवतो. हा वेग झाला सेकंदाला ३० अंशांचा. घरात उजेड कमी, म्हणून फोन प्रत्येक चित्रासाठी सेकंदाचा पन्नासावा भाग तरी प्रकाश गोळा करतो. तेवढ्या वेळात कॅमेरा ०.६ अंश फिरलेला असतो, म्हणजे २ मीटरवरच्या भिंतीवर २१ मिलिमीटर, जवळजवळ १७ पिक्सेल. उभ्या भेगेचा तो ४०चा फरक या १७ पिक्सेलमध्ये पसरतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला येतो दोन-अडीच. व्हिडिओचा आकार लहान ठेवताना फोन नेमका असलाच फिका तपशील आधी टाकून देतो. मग व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ आणखी एकदा दाबून लहान केला जातो. भेग गेली.

आडव्या भेगेचं काय होतं? तीही २१ मिलिमीटर सरकते, पण स्वतःच्याच रेषेत. रेघेवर रेघ पडते, ४०चा फरक ४०च राहतो. फोनमधली थरथर घालवणारी सॉफ्टवेअरची सोय इथे कामाची नाही, कारण ती एका चित्राची दुसऱ्याशी जुळणी करते, चित्राच्या आत झालेलं फरफटणं पुसत नाही. व्हिडिओवरून दोषांची यादी आपोआप करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाहिराती हल्ली दिसतात, त्यांनाही हेच लागू आहे. चित्रात न उतरलेली भेग कोणीही परत आणू शकत नाही. चित्र ‘धारदार’ करून दाखवलं, तर ती धार अंदाजाने भरलेली असते.

आता दुर्दैव बघा. बीमखाली, चिऱ्यांची किंवा विटांची भिंत जिथे बीमला भिडते तिथे, आडवी भेग बहुतेक घरांत असते. काँक्रीट आणि भिंत उन्हाने व ओलीने वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, म्हणून गिलावा त्या सांध्यावर फाटतो. दिसायला वाईट, पण बहुधा निरुपद्रवी. याउलट कॉलममधली सळई गंजते तेव्हा गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते आणि तो आतून काँक्रीट फोडतो. ही भेग सळईच्या रेषेत जाते, म्हणजे कॉलमच्या कडेशी उभी. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत हा धोका अधिक. म्हणजे फिरता कॅमेरा किरकोळ भेग जपतो आणि गंभीर भेग गिळतो.

समजा, त्या चार मिनिटांच्या व्हिडिओत बाल्कनीलगतचा कॉलम १ मिनिट १२ सेकंदांवर येतो आणि कोरा दिसतो. पण त्याच्या पायथ्याशी दोन बोटं रुंद तपकिरी ओघळ आहे. तो रुंद असल्यामुळे फरफटीतही टिकला. अशा वेळी व्हिडिओ संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडावा, थांबवावा आणि `E` ही कळ दाबत एकेक चित्र पुढे न्यावं. भाचा बोलायला जिथे क्षणभर थांबला, त्या १ मिनिट १५ सेकंदांवरच्या चित्रात भेग सापडू शकते. यादीत ‘सळई गंजली आहे’ असं लिहू नये. ‘१:१५, हॉल, बाल्कनीजवळचा कॉलम, डाव्या कडेला उभी रेघ, खाली तपकिरी ओघळ, जवळून बघणे’ एवढंच लिहावं. दिसलं ते एका रकान्यात, तर्क दुसऱ्या रकान्यात.

ओलीच्या बाबतीत व्हिडिओ बराच भरवशाचा, कारण डाग मोठे असतात. कोपऱ्यातली काळपट जागा सावली आहे की डाग, हेही बरेचदा कळतं. चित्रीकरण करणारा हलला की त्याच्यामुळे पडलेली सावली सरकते, डाग भिंतीला चिकटून राहतो. जमिनीलगत मीटरभर चढलेली ओल खालून आलेली असण्याची शक्यता जास्त, छताखालची असेल तर वरचं बाथरूम किंवा गच्ची बघावी. मात्र भिंत आज ओली आहे की गेल्या पावसाचा डाग वाळून राहिला आहे, हे चित्र सांगत नाही. म्हणून यादीवर चित्रीकरणाचा महिना हवाच. गोव्यात वर्षाचा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तेव्हा मार्चमधली ताजी ओल आणि ऑगस्टमधली ओल यांचा अर्थ एक नाही. जाता जाता, नैऋत्येच्या कोपऱ्याला वारंवार ओल येते म्हणून वास्तुदोषाचा खर्च काढणारे भेटतात. पावसाळी वारा त्याच बाजूने भिंतीवर झोडपतो. तिथे शांत नव्हे, बाहेरचा गिलावा आणि वरचा सज्जा दुरुस्त करावा लागतो.

नळ, कड्या, बटणं यांचं दिसणं व्हिडिओत येतं, चालणं येत नाही. चालवून दाखवलं नसेल तर यादीत ‘तपासलं नाही’ असं लिहावं.

पुन्हा चित्रीकरण करायचं असेल, तर भाच्याला दोनच गोष्टी सांगाव्या. प्रत्येक भिंतीसमोर दोन सेकंद थांब. आणि कॉलमसमोर अर्ध्या मीटरवर येऊन फोन खालून वर ने, म्हणजे या वेळी उभी भेग स्वतःच्या रेषेत सरकेल आणि पिक्सेलमागे ०.३ मिलिमीटर मिळतील. भेगेशेजारी मोजपट्टी धरली तर रुंदीही कळते. फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की ती दाबली जात नाही. व्हिडिओत आवाजही येतो, तेव्हा संशयित कॉलमवर नाण्याने ठोकून घ्यावं. टणक आवाजाऐवजी मध्येच पोकळ आवाज आला तर काहीतरी सुटलेलं आहे हे नक्की. तो नुसता गिलावा आहे की आतलं काँक्रीट, हे कळायला मात्र गिलावा फोडून बघावा लागतो.