ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’, पार्सल शेजारच्या गल्लीत: पोस्टाला शोध-अर्ज कसा लिहावा

नाशिकच्या सिडकोसारख्या रो-हाऊसच्या वस्तीत १४ नंबरचे घर तिसऱ्या गल्लीतही असते आणि चौथ्या गल्लीतही. पोस्टमन सुट्टीवर असला, बदलीवर दुसरा आला आणि पाकिटावर गल्लीचा नंबर बारीक लिहिलेला असला, की पार्सल चौथ्या गल्लीत जाऊन पडते. ट्रॅकिंगवर ‘Item Delivered’ दिसते आणि तुमच्या दारात काहीच आलेले नसते.

अशा वेळी बहुतेक जण ‘माझे पार्सल मिळाले नाही’ एवढीच तक्रार करतात आणि तिथेच फसतात. पोस्टाच्या नोंदीत ते पार्सल हरवलेले नसून वाटप झालेले असते. त्यामुळे ‘अमुक तारखेला वस्तू वितरित झाली आहे’ असे एका ओळीचे उत्तर येते आणि तक्रार बंद होते. अर्जाचा रोख वेगळा हवा. वाटप झाले हे तुम्ही नाकारत नाही, ते तुमच्या पत्त्यावर झाले नाही असे तुम्ही म्हणत आहात. म्हणून वाटपाची नोंद तपासा आणि वस्तू परत आणून द्या, अशी मागणी करायची.

पुढची सगळी माहिती भारतीय टपाल खात्याच्या स्पीड पोस्ट आणि पार्सलपुरती आहे. खासगी कुरियरने आलेल्या वस्तूसाठी पोस्टमास्तरांना अर्ज करून उपयोग नाही.

अर्ज कोण करू शकतो

पाठवणारा आणि ज्याच्या नावे पार्सल आहे तो, दोघेही करू शकतात. शोध लवकर लागण्यासाठी पत्तेदाराने म्हणजे तुम्हीच जाणे बरे, कारण तुम्ही त्याच भागात राहता आणि दोन गल्ल्यांतला घोळ समोरासमोर सांगू शकता. पण बुकिंगची पावती पाठवणाऱ्याकडे असते आणि पुढे भरपाईचा प्रश्न आला तर हक्कही त्याचाच असतो. म्हणून त्यालाही वेगळी ऑनलाइन तक्रार करायला सांगा. दुकानातून मागवलेली वस्तू असेल तर पाठवणारा म्हणजे विक्रेता. त्यालाही त्याच दिवशी कळवा.

तक्रारीसाठी बुकिंगपासून ३ महिन्यांच्या आतच जावे. चुकीच्या वाटपात मात्र खरी मुदत दोन-तीन दिवसांचीच समजा. तोवर पोस्टमनला ते दार आठवत असते आणि चौथ्या गल्लीतल्या घरात खोके बहुधा उघडलेलेही नसते.

अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा

घराजवळच्या पोस्टात, असे गृहीत धरू नका. शहरात पार्सलचे वाटप बऱ्याच ठिकाणी वेगळ्या वितरण केंद्रातून होते. जवळच्या पोस्टात फक्त काउंटर असतो. ट्रॅकिंगमध्ये शेवटच्या ओळीत ज्या कार्यालयाचे नाव आहे, अर्ज त्या कार्यालयाच्या प्रमुखाच्या नावे लिहा. ते नाव अनोळखी वाटले तर आधी पिन कोड तपासा. ४२२००९ ऐवजी ४२२०१० पडला असेल तर पार्सल दुसऱ्याच कार्यालयाकडे गेलेले असू शकते. मग शेजारची गल्ली धुंडाळण्यात अर्थ नाही.

जायचे ते सकाळी, पोस्टमन बीटवर निघण्याआधी. टपाल गल्लीवार लावण्याचे काम तेव्हा चालू असते, त्यामुळे तुमच्या बीटचा माणूस तिथेच भेटतो. दुपारी गेलात तर अर्ज नुसता आवक होतो.

सोबत काय न्यायचे

सगळ्यात महत्त्वाचा तेरा अक्षरांचा आर्टिकल नंबर: आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी IN. यातला एक अंक चुकला तरी नोंद सापडत नाही, म्हणून फोनवर ऐकून लिहू नका, पावतीचा फोटो मागवा. पावतीवर वजनही छापलेले असते. ते पुढे कामाला येते.

दुसरी गोष्ट, पार्सलवरच्या पत्त्याचा फोटो. पाठवणाऱ्याने बुकिंगआधी तो काढलेला असेल तर उत्तम. नसेल तर त्याने नेमके काय लिहिले होते ते अक्षरशः विचारून घ्या. ‘गल्ली क्र. ३’ हे शब्द पत्त्यात नव्हतेच असे निघाले तर अर्जात तसे सरळ लिहा. कार्यालय नोंद काढून पडताळतेच, आणि तिथे विसंगती दिसली की पुढच्या मजकुरावरचा विश्वासही जातो.

बाकी ट्रॅकिंगच्या पानाची प्रिंट, ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स (आधार किंवा वीजबिल चालते), आणि अर्जाच्या दोन प्रती. दोन गल्ल्यांचा हाताने काढलेला छोटा नकाशाही जोडा. हे कुणी मागत नाही, पण कागदावर दोन्ही ‘१४’ शेजारी दिसले की दोन मिनिटांचे समजावणे वाचते.

अर्जाचा नमुना

समजा, कोल्हापूरहून चपलांचे पार्सल आले. वजन १ किलो २४० ग्रॅम. पत्ता तिसऱ्या गल्लीचा, ट्रॅकिंगवर वाटप ६ जानेवारीला दुपारी १२.४० ला. अर्ज असा होईल:

> दिनांक: ७ जानेवारी २०२६
>
> प्रति,
> मा. पोस्टमास्तर,
> (ट्रॅकिंगमधील वितरण कार्यालयाचे नाव), नाशिक
>
> विषय: आर्टिकल क्र. (तेरा अक्षरी क्रमांक) चे चुकीच्या पत्त्यावर वाटप. शोध घेऊन वस्तू मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> वरील पार्सल ३ जानेवारी २०२६ रोजी कोल्हापूर येथून माझ्या नावे बुक झाले. पावतीनुसार वजन १ किलो २४० ग्रॅम आहे. पार्सलवरील पत्ता: रो हाऊस क्र. १४, गल्ली क्र. ३, सिडको, नाशिक.
>
> ट्रॅकिंगनुसार हे पार्सल ६ जानेवारी रोजी दुपारी १२.४० वाजता वाटप झाले आहे. त्या वेळी मी घरी होतो. माझ्या पत्त्यावर पार्सल आलेले नाही. मी किंवा माझ्या घरातील कोणीही ते घेतलेले नाही वा सही केलेली नाही.
>
> शेजारील गल्ली क्र. ४ मध्येही रो हाऊस क्र. १४ आहे. पार्सल तेथे दिले गेले असण्याची शक्यता आहे. दोन्ही घरांचा नकाशा सोबत जोडला आहे.
>
> तरी विनंती की,
> १) या वाटपाची नोंद, म्हणजे घेणाऱ्याचे नाव, सही व वेळ, तपासून मला दाखवावी;
> २) त्या दिवशीच्या बीटवरील पोस्टमनकडून दोन्ही पत्त्यांवर चौकशी करून पार्सल ताब्यात घ्यावे;
> ३) पार्सल मिळाल्यास माझ्यासमोर वजन करून द्यावे, न मिळाल्यास चौकशीचा निष्कर्ष लेखी कळवावा.
>
> आपला विश्वासू,
> (नाव, सही, पत्ता, मोबाईल)
>
> सोबत: पावतीची प्रत, ट्रॅकिंग प्रिंट, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, नकाशा

यात दोन जागा जपायच्या. ‘शक्यता आहे’ हे शब्द काढू नका. चौथ्या गल्लीतल्या माणसाने पार्सल ठेवून घेतले असे तुम्ही पाहिलेले नसते, आणि नाव घेऊन आरोप केला की चौकशीचे भांडण होते. ‘घरी होतो’ हेही खरे असेल तरच लिहा. घर बंद असेल तर तेच लिहावे. उलट बंद घराचे पार्सल वाटप कसे झाले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

ट्रॅकिंगवर तुमचेच नाव असेल तर

घेणाऱ्याच्या जागी तुमचेच नाव दिसू शकते. तेवढ्यावरून तुम्ही पार्सल घेतले हे सिद्ध होत नाही. पार्सलवर पत्तेदार म्हणून जे नाव आहे तेच नोंदीत उतरलेले असू शकते. म्हणून पहिल्या मागणीत सही आणि वेळ हे शब्द हवेत. सही पाहिली की ती तुमची नाही हे तिथल्या तिथे ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून दाखवता येते. बुकिंगच्या वेळी ओटीपी घेऊन वाटपाची सेवा घेतली होती का, हेही पाठवणाऱ्याला विचारा. घेतली असेल आणि तुमच्या माहितीतल्या कुणाच्याच मोबाईलवर ओटीपी आला नसेल, तर ती ओळ अर्जात घाला. पावतीवर कोणता मोबाईल नंबर टाकला होता तेही तपासा. एका आकड्याच्या चुकीने ओटीपी भलत्याकडे जातो.

अर्ज दिल्यानंतर

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘सांगतो पोस्टमनला, अर्जाची गरज नाही’ असे प्रेमाने सांगितले जाते, आणि पुष्कळदा तो खरोखर संध्याकाळपर्यंत पार्सल आणूनही देतो. तरी शिक्का घ्याच. त्याच दिवशी indiapost.gov.in वर किंवा १८००-२६६-६८६८ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक प्रतीवर लिहून ठेवा. ऑनलाइन तक्रारीतही ‘न मिळालेले’ म्हणून न सोडता ‘चुकीच्या पत्त्यावर वाटप’ असेच शब्द वापरा.

पार्सल सापडून आले तर लगेच सही करू नका. चिकटपट्टी दुसरीच लावलेली दिसली किंवा खोके मऊ पडले असेल तर काउंटरवर वजन करायला सांगा. पावतीवरच्या १ किलो २४० ग्रॅमऐवजी काटा ८०० दाखवत असेल तर एक जोड गेलेला असणार. ते वजन लेखी नोंदवून मगच पार्सल उघडा. चौथ्या गल्लीतल्या शेजाऱ्याने स्वतःच आणून दिले तरी पोस्टात एक फोन करून कळवा, नाहीतर पुढचे पार्सलही त्याच दारात जाईल.

दहा-पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, किंवा ‘वितरित’ एवढेच आले, तर शिक्क्याची प्रत जोडून नाशिक विभागाच्या टपाल अधीक्षकांकडे अर्ज करा. तिथेही हलले नाही तर pgportal.gov.in वर टपाल विभागाविरुद्ध तक्रार नोंदवता येते. तिथे निपटाऱ्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे, आणि उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत अपील करता येते. भरपाईची आशा मात्र माफक ठेवा. २०२३ च्या टपाल कायद्यानुसार चुकीच्या वाटपासाठी खात्याची जबाबदारी नियमांत ठरवून दिली आहे तेवढीच असते. वस्तूचा विमा काढलेला नसेल तर तिची पूर्ण किंमत मिळत नाही. शोधावर जोर द्यायचा तो त्यामुळेच.

पाठवणाऱ्याला पुढच्या वेळी पत्ता देताना ‘गल्ली क्र. ३’ घर क्रमांकाच्याही आधी लिहायला सांगा, जवळची खूण द्या आणि जमल्यास डिजिपिन जोडा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये सुरू केलेला हा दहा अक्षरी संकेत सुमारे ४ मीटर लांबी-रुंदीची जागा दाखवतो, म्हणजे दोन गल्ल्यांतली दोन ‘१४’ नंबरची घरे त्यात वेगळी पडतात. तो पिन कोडच्या जागी लिहायचा नाही, सोबत लिहायचा. पार्सल नाशिकपर्यंत आणि तुमच्या वितरण केंद्रापर्यंत पिन कोडवरच येते.